मुलाखतीनंतरचं पत्र आणि बोलण्यात राहून गेलेला मुद्दा

मुलाखत देऊन घरी आल्यावर आभाराचा ई-मेल लिहायला बसलं, की बहुतेकांच्या हातून तीच वाक्यं उतरतात. वेळ दिल्याबद्दल धन्यवाद, आपल्याशी बोलून आनंद झाला, संधी मिळाल्यास मनापासून काम करीन, उत्तराच्या प्रतीक्षेत. यात चूक काहीच नाही, पण वाचणाऱ्याला त्यातून नवं काही कळत नाही. कारखान्यातल्या गुणवत्ता विभागासाठी मी गेली अनेक वर्षं मुलाखती घेतो. असे ई-मेल मी वाचतो आणि बंद करतो. ज्या थोड्या पत्रांमुळे मी उमेदवाराची फाइल पुन्हा उघडली, त्यांत आमच्या बोलण्यातल्या एखाद्या अडचणीची राहून गेलेली बाजू चार ओळींत लिहिलेली होती. ती वाचून मला दुसऱ्या दिवशी शेडवर जाऊन काहीतरी तपासता येत होतं.

हे पत्र कसं लिहायचं ते एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण माझ्या क्षेत्रातलं आहे, कारण तिथले बारकावे मला खात्रीने सांगता येतात.

समजा, भोसरी एमआयडीसीतला एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. ॲल्युमिनियमच्या ओतीव हाउसिंगमध्ये बोअर करून तो माल वाहन कंपन्यांना पुरवतो. बोअरचा व्यास ५० मिलिमीटर, आणि तो ५०.००० ते ५०.०२५ च्या आत हवा. म्हणजे मुभा फक्त २५ मायक्रॉनची. क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी डिप्लोमा झालेली आणि चार वर्षं मशीन शॉपमध्ये काम केलेली एक मुलगी मुलाखतीला गेली आहे. बोलणं मराठीतच चाललं आहे. बोलता बोलता मॅनेजर सांगतात, “आमचा एक त्रास आहे. लाइनवर ओके दिसलेले पार्ट फायनलला अंडरसाइज निघतात. गो गेजच जात नाही. सकाळी पहिल्या तासात माल बरा जातो, नंतर सुरू होतं.”

ती म्हणते, टूल झिजत असेल, बोअर गेज धरण्यात ऑपरेटरचा फरक पडत असेल, गेजचं कॅलिब्रेशन बघायला हवं. तिन्ही उत्तरं रास्त आहेत. मॅनेजर ऑपरेटरच्या प्रशिक्षणाबद्दल दोन प्रश्न विचारतात, तेवढ्यात त्यांना फोन येतो, विषय तुटतो आणि पुढचं बोलणं पगार, शिफ्ट आणि रुजू होण्याच्या तारखेवर जातं.

कारखान्यातून बाहेर पडल्या पडल्या तिने पहिलं काम करायचं ते टिपण काढण्याचं. बसमध्ये, रिक्षात, जिथे जमेल तिथे. ‘मुलाखत चांगली झाली’ यासारखी वाक्यं या टिपणात उपयोगाची नाहीत. समोरच्याने कोणती अडचण कोणत्या शब्दांत सांगितली, आपण काय उत्तर दिलं आणि बोलणं कुठे तुटलं, एवढंच लिहायचं. शब्द शक्य तितके जसेच्या तसे उतरवावेत, कारण संध्याकाळपर्यंत आपली आठवण त्यांना आपल्या सोयीचा आकार देते. या मुलीच्या टिपणात दोन गोष्टी असायलाच हव्यात: ‘लाइनवर ओके, फायनलला अंडरसाइज’ आणि ‘सकाळी पहिल्या तासात माल बरा’. दुसरं वाक्य मॅनेजरांनी जाता जाता म्हटलं होतं आणि त्यावर पुढे कोणीच बोललं नाही. असा मुद्दा बहुधा अशाच जागी सापडतो, समोरच्याने सांगितलेल्या पण कोणी उचलून न धरलेल्या तपशिलात.

आता ती रात्री शांतपणे विचार करते. सकाळी मशीन, कूलंट आणि शेड सगळं थंड असतं. दिवस चढतो तसं कूलंट तापतं आणि मशीनमधून निघणारा पार्टही कोमट येतो. ऑपरेटर तो लगेच मोजतो. फायनल तपासणी मात्र वातानुकूलित खोलीत होते, कारण मोजमापाचं जगभर मानलेलं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. ॲल्युमिनियम तापलं की बऱ्यापैकी पसरतं. एक मीटर लांबीमागे दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन, म्हणजे ५० मिलिमीटरच्या बोअरमागे दर अंशाला सव्वा मायक्रॉनपेक्षा थोडं कमी. पार्ट १२ अंशांनी गरम असेल तर बोअर जवळपास १४ मायक्रॉनने मोठा दिसतो. एकूण मुभाच २५ ची असताना निम्म्याहून अधिक मुभा तापमानच खाऊन टाकतं. लाइनवर ५०.००८ वाचलेला बोअर खोलीत थंड झाल्यावर ४९.९९४ होतो, आणि गो गेज अडतं.

मुद्दा सापडला. पण तो पत्रात घालण्याजोगा आहे का, हे ठरवायला मी तीन गोष्टी बघायला सांगेन.

पहिली, तो त्यांच्याच अडचणीशी जोडलेला हवा. आपल्याला येणाऱ्या एखाद्या तंत्राचं प्रदर्शन करण्यासाठी ओढून आणलेला मुद्दा लगेच ओळखू येतो. ‘मला सिक्स सिग्मा येतं हे सांगायचं राहिलं’ हा आपल्याबद्दलचा मुद्दा झाला. त्याची जागा बायोडेटात आहे.

दुसरी, आपल्याला नोकरी दिली नाही तरी त्यांना तो वापरता आला पाहिजे. पुष्कळ उमेदवार इथे हात आखडता घेतात आणि ‘माझ्याकडे यावर उपाय आहे, प्रत्यक्ष भेटीत सांगेन’ असं लिहितात. हे वाचून मॅनेजर चिडतो, उत्सुक होत नाही. फुकट दिलं तर ते वापरतील आणि आपल्याला विसरतील, ही भीती मला खरी वाटत नाही. पार्ट थंड करून मोजा हे कोणीही सांगू शकतं. मॅनेजरला हवा असतो तो न सांगता तिथवर पोचणारा माणूस, आणि तो त्याला या पत्रात दिसतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात कडक आहे. या मुद्द्यावर पुढचा प्रश्न आला तर आपल्याला उत्तर देता आलं पाहिजे. कुठेतरी वाचलेला, स्वतः न हाताळलेला मुद्दा लिहिला, तर दुसऱ्या फेरीत पहिला प्रश्न त्यावरच येतो, आणि मग मुद्दा न लिहिण्यापेक्षा जास्त नुकसान होतं.

या तीन गोष्टींत बसणारा मुद्दा मिळालाच नाही, तर साधे तीन ओळींचे आभार पाठवावेत. ओढूनताणून घातलेल्या मुद्द्यापेक्षा ते केव्हाही बरे.

आता या मुलीने पाठवलेलं पत्र कसं असावं ते पाहा.

विषय: आजची मुलाखत, बोअर अंडरसाइजबद्दल एक तपासणी

नमस्कार सर,

आज आपण वेळ दिलात आणि लाइनवरची अडचण इतकी मोकळेपणाने सांगितलीत, त्याबद्दल आभार.

लाइनवर ओके असलेले पार्ट फायनलला अंडरसाइज निघतात, यावर आपलं बोलणं टूल आणि ऑपरेटरपर्यंत आलं होतं. पार्टच्या तापमानाचा विषय राहून गेला. सकाळी पहिल्या तासात माल बरा जातो असं आपण म्हणालात, त्यावरून हे सुचलं. ५० मिमीच्या ॲल्युमिनियम बोअरमध्ये १२ अंशांच्या फरकाने साधारण १४ मायक्रॉनचा फरक पडतो.

हे आपण आधीच पाहिलं असेल तर सोडून द्यावं. नसेल तर तपासणी सोपी आहे. दुपारी लागोपाठचे पाच पार्ट घेऊन त्यांना नंबर टाकावेत, मशीनमधून निघताच मोजावेत, आणि तेच पार्ट तपासणीच्या खोलीत तीन-चार तास ठेवून त्याच गेजने पुन्हा मोजावेत. पाचही पार्ट जवळपास सारखेच कमी झाले, तर कारण तापमान आहे. फरक पडला नाही, तर टूल आणि सेटिंगकडेच बघावं लागेल.

या जागेवर काम करायला मला आवडेल. आणखी काही माहिती हवी असल्यास जरूर कळवावं.

आपली नम्र,

खाली नाव आणि फोन नंबर. एवढंच.

या पत्रात सगळ्यात मोलाचा भाग पाच पार्टच्या तपासणीचा आहे. नुसतं ‘तापमानाचा परिणाम असू शकतो’ असं लिहिलं असतं, तर ते एक मत झालं असतं, आणि अनुभवी मॅनेजरकडे मतांचा तुटवडा नसतो. तपासणी दिली की त्याला स्वतः ठरवता येतं. शिवाय ही तपासणी दोन कारणांना वेगळं करते. टूल झिजलं असेल, तर बोअर पार्टमागे पार्ट लहान होत जातो, पण त्यातला कोणताही एक पार्ट पुन्हा मोजला तर आकडा तोच येतो. तापमानाच्या बाबतीत तोच पार्ट थंड झाल्यावर वेगळा आकडा देतो. म्हणून ‘तेच पार्ट’ आणि ‘नंबर टाकून’ हे शब्द पत्रात हवेतच. ते वगळले तर कोणीतरी सकाळचे पाच आणि दुपारचे पाच पार्ट मोजेल आणि निष्कर्ष भलताच निघेल. तुमचं क्षेत्र कोणतंही असो, मुद्द्यासोबत तो खरा की खोटा हे कमी खर्चात ठरवण्याची रीत देता आली, तर जरूर द्या.

‘हे आपण आधीच पाहिलं असेल तर सोडून द्यावं’ हे वाक्य केवळ अदब म्हणून घातलेलं नाही. अर्ध्या तासाच्या बोलण्यावरून आपण दुसऱ्याच्या कारखान्याचं निदान केलं आहे, ते चुकीचंही असू शकतं, आणि ती शक्यता त्या वाक्यात मान्य केली आहे. याउलट ‘आपल्याकडे तापमानाकडे दुर्लक्ष होत आहे’ असं लिहिलं, तर मुद्दा खरा असूनही पत्र टीकेचं होतं. ते पत्र मॅनेजर आपल्या वरिष्ठांना दाखवणार नाही, आणि अशा पत्राचा अर्धा उपयोग तर ते पुढे दाखवलं जाण्यात असतो.

पत्रात काय नाही, हेही बघा. आधीच्या कंपनीचं नाव नाही, तिथल्या ग्राहकाचं नाव नाही, तिथलं रिजेक्शन किती होतं आणि किती झालं याचे आकडे नाहीत. या मुलीने हा प्रकार आधीच्या नोकरीत पाहिलेला असणार, पण तिथला तपशील तिथलाच आहे. जुन्या कंपनीची माहिती नव्या कंपनीला पत्रातून देणारा माणूस उद्या आपलीही माहिती देईल, असा विचार मुलाखत घेणारा करतो आणि तो बरोबरच असतो. पाठ्यपुस्तकात सापडणारं भौतिकशास्त्र आणि त्यांनी स्वतः सांगितलेली लक्षणं, एवढ्यावरच मुद्दा उभा राहिला पाहिजे. राहत नसेल तर तो पाठवू नये.

लांबीबद्दल माझं मत ठाम आहे. हे पत्र फोनच्या पडद्यावर दोनदा सरकवून वाचून झालं पाहिजे. एकच मुद्दा हवा. दुसरा सुचला तर तो दुसऱ्या फेरीसाठी ठेवा. काही उमेदवार सुधारणेचा आराखडा, तक्ते आणि स्लाइड जोडून पाठवतात. त्यामागची मेहनत दिसते, पण ते सगळं वाचायला वेळ लागतो म्हणून ते नंतर वाचू असं ठरतं, आणि ते नंतर कधी येत नाही.

हीच रीत दुसऱ्या कामाला कशी लागू पडते, तेही थोडक्यात सांगतो. एका व्यापारी पेढीत अकाउंटंटच्या जागेची मुलाखत झाली आणि मालक म्हणाले, की आमची वसुली उशिरा होते, त्यामुळे पुरवठादारांचे पैसेही मागे पडतात. बोलणं वसुलीवर झालं. राहिलं ते हे, की बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं. उमेदवार लिहू शकतो, की खरेदी नोंदवहीत बिलाचं वय दाखवणारा एक रकाना घेतला आणि १२० दिवस झालेली बिलं दर महिन्याला वेगळी काढली, तर कोणाचे पैसे आधी द्यायचे हे ठरवायला महिनाभर तरी हाती राहतो. मात्र ‘आपण नियम मोडत आहात’ असा सूर इथे अजिबात नको. त्यांच्या वह्या आपण पाहिलेल्या नाहीत.

पाठवायचं कधी? त्याच दिवशी रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. घाईघाईत कोरे आभार पाठवून मग चार दिवसांनी मुद्द्याचं दुसरं पत्र पाठवण्यापेक्षा एक रात्र थांबून एकच पत्र पाठवणं चांगलं. आकडा असेल तर सकाळी ताज्या डोक्याने पुन्हा ताडून पाहा. १४ मायक्रॉनच्या जागी १४० लिहिलं गेलं, तर पत्र आपल्याच विरुद्ध जाईल.

कोणाला पाठवायचं, हे अडचण कोणी सांगितली त्यावर ठरतं. मुलाखतीला तीन माणसं असतील तर मुद्दा ज्याच्या कामाचा त्यालाच लिहा, बाकीच्यांना दोन ओळींचे आभार पुरे. तिघांना एकच मजकूर पाठवू नका, ती माणसं एकाच ऑफिसात बसतात. मॅनेजरचा पत्ता नसेल तर ज्या एचआरने मुलाखतीचा ई-मेल पाठवला त्यांनाच उत्तर द्या आणि ‘सरांपर्यंत पोचवावं’ अशी विनंती करा. व्हॉट्सॲप तेव्हाच, जेव्हा मुलाखतीचं ठरलंच व्हॉट्सॲपवर असेल. भाषा मुलाखतीचीच ठेवा. कॅम्पसमधून मुलाखत झाली असेल तर कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाला आधी विचारा, काही ठिकाणी परस्पर संपर्क चालत नाही.

सरकारी भरतीत मात्र असं पत्र पाठवूच नये. लोकसेवा आयोग, सरकारी बँका, सार्वजनिक उपक्रम यांच्या जाहिरातींत निवडीसाठी कोणत्याही प्रकारे दबाव किंवा वशिला आणणारा उमेदवार अपात्र ठरेल, अशा अर्थाची अट असते. आपला हेतू स्वच्छ असला तरी मुलाखत मंडळातल्या सदस्याला खासगी पत्र लिहिणं त्या अटीच्या फार जवळ जातं.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. मुलाखतीत न निघालेला मुद्दा वेगळा आणि मुलाखतीत चुकलेलं उत्तर वेगळं. उत्तर चुकलं असेल आणि ते महत्त्वाचं असेल, तर ‘अमुक प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं दिलं, बरोबर उत्तर असं’ एवढं एका वाक्यात लिहावं. तो नवा मुद्दा असल्याचा आव आणू नये. ज्याने प्रश्न विचारला, त्याला तो आठवत असतो.

पत्राला उत्तर आलं तर ते बहुधा प्रश्नाच्या रूपात येतं, आणि तिसरी कसोटी आता कामाला येते. आपल्या उदाहरणात मुरलेला मॅनेजर नक्की विचारेल, “पण आम्ही गेज ज्या मास्टर रिंगवर झीरो करतो, ती रिंगही त्याच शेडमध्ये तापलेली असते. मग फरक कटत नाही का?” प्रश्न अगदी योग्य आहे. उत्तर असं, की रिंग पोलादाची असते, आणि पोलाद ॲल्युमिनियमच्या साधारण निम्म्यानेच पसरतं. रिंग आणि पार्ट दोन्ही १२ अंशांनी गरम असतील, तर सुमारे सात मायक्रॉन कटतात आणि सात उरतात. पण मशीनमधून नुकताच निघालेला पार्ट रिंगपेक्षाही गरम असेल, तर उरलेला फरक आणखी वाढतो. म्हणून पार्ट मोजताना रिंग आणि पार्ट दोन्हींच्या पृष्ठभागाचं तापमान लिहून ठेवावं. एवढं तीन-चार ओळींत लिहून पाठवावं, आणि त्याच उत्तरात ‘माझ्या निवडीचं काय झालं’ असं विचारू नये. निकालाची चौकशी त्यांनी सांगितलेली तारीख उलटल्यावर, एचआरकडे, वेगळ्या ई-मेलने करावी.